रक्ती हगवण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच का येते?

प्रश्न: कोंबड्यांच्या दर पावसाळी बॅचला 23-24व्या दिवशी रक्ती हगवण लागते. शेड रिकामे झाले की जंतुनाशक फवारतो, रक्त दिसताच पाण्यातून ॲम्प्रोलियम देतो, तरी मरतूक थांबत नाही. काय चुकते?

उत्तर: रक्त दिसते तेव्हा आतड्यातले नुकसान बहुतांशी होऊन गेलेले असते. मी पशुवैद्यक आहे. अशा शेडमध्ये मेलेला पक्षी उघडला की दोन्ही अंधांत्रे, म्हणजे आतड्याच्या शेवटाकडच्या बंद टोकाच्या नळ्या, फुगलेली, काळपट लाल आणि रक्ताच्या गुठळ्यांनी भरलेली दिसतात. हे काम आयमेरिया टेनेला या परजीवीचे, आणि हा रोग म्हणजे कॉक्सिडिओसिस.

पक्षी शेडमध्ये अंथरलेल्या तुसातून या परजीवीच्या पक्व अंडपुट्या टिपतो. त्या गिझार्डमध्ये भरडल्या जातात, आतड्यातल्या पाचकरसाने आतले जीव मोकळे होतात आणि अंधांत्राच्या पेशींत शिरतात. तिथे त्यांची एक पिढी वाढून फुटते, मग दुसरी. ही दुसरी पिढी अस्तराखाली खोलवर वाढते आणि साधारण पाचव्या दिवशी फुटताना रक्तवाहिन्या फाडते. ॲम्प्रोलियमचा मुख्य मारा मात्र पहिल्या पिढीवर असतो, म्हणून रक्त पाहून दिलेले औषध आजारी पक्ष्याला फारसे तारत नाही, नुकती लागण झालेल्यांना वाचवते. ते देताना ब जीवनसत्त्वाचे टॉनिक बंद ठेवा, कारण त्यातले थायमिन औषधाचा परिणाम कमी करते. (पक्षी सुस्त दिसले की टॉनिक ओतायची सवय अनेकांना असते.)

सुमारे सातव्या दिवशी विष्ठेतून नव्या पुट्या पडू लागतात. त्या लगेच बाधक नसतात. ओल, ऊब आणि हवा मिळाली तर एक-दोन दिवसांत पक्व होतात. एका पुटीच्या अशा हजारो होतात आणि दोन-तीन फेऱ्यांत तुमचा तिसरा-चौथा आठवडा उजाडतो. पक्षी दाटीत असले की विष्ठा वाढते, तूस ओले राहते आणि प्रत्येक चोचीला पुट्या जास्त मिळतात. नेहमीची जंतुनाशके पुटीचे जाड कवच भेदत नाहीत, त्यामुळे तुमची फवारणी इथे जवळजवळ वाया जाते.

म्हणून लक्ष तुसावर हवे. पाण्याच्या निपलखालचे मूठभर तूस घट्ट दाबा: मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे, हळूहळू सुटला तर ठीक. गळणारे निपल त्याच दिवशी बदला, निपलची उंची पक्ष्यांच्या वाढीबरोबर वाढवा, चिखल झालेला पट्टा उचलून कोरडे तूस टाका, आणि पावसाळ्यात दर पक्ष्याला एक चौरस फुटापेक्षा कमी जागा देऊ नका. जुने तूस शेडपासून दूर न्या.

खाद्यात पहिल्या दिवसापासून कॉक्सिरोधक आहे का, हे खाद्यवाल्याला विचारा. तेच औषध वर्षानुवर्षे चालू असेल तर परजीवी त्याला सरावतो, म्हणून काही बॅचनंतर वेगळ्या गटाचे औषध घ्यावे. सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन हे कॉक्सिरोधक चालू असताना श्वसनरोगासाठी टियाम्युलिन दिल्यास पक्षी विषबाधेने लुळे पडतात. पुढच्या बॅचला 16व्या दिवसापासून रोज विष्ठा पाहा, आणि पहिला मेलेला पक्षी फेकण्याआधी त्याची अंधांत्रे उघडून घ्या.