एलईओ नागपूरला मिळाली, तरी लक्ष न्हावा शेव्यावर ठेवा

प्रश्न: आमचा माल विदर्भातून जातो. आयसीडीत, म्हणजे बंदरापासून दूरच्या कंटेनर डेपोत, कस्टम्स केलं तर न्हावा शेव्याला पुन्हा काही करावं लागतं का? आयसीडी बरी की थेट बंदर?

पुन्हा कस्टम्स करावं लागत नाही. शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचं कस्टम्सचं कागदपत्र, आयसीडीच्याच पोर्ट कोडवर दाखल होतं. तपासणी निघालीच तर तिथेच होते आणि तिथल्या अधिकाऱ्याने लेट एक्सपोर्ट ऑर्डर, म्हणजे एलईओ, दिली की माल निर्यातीला मोकळा. मग सीलबंद कंटेनर रेल्वेने बंदरावर जातो. तिथे कंटेनर नंबर जुळतो का आणि सील शाबूत आहे का, एवढंच पाहतात. सीलमध्ये गडबड असेल तरच पेटी उघडण्याची वेळ येते.

पण "एलईओ झाली, आता तुमचं काम संपलं" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आम्ही ऐकलं होतं.

आमचा सुताच्या निर्यातीचा छोटा धंदा आहे. गिऱ्हाईक दादा बघतो, कागदपत्रं मी. ऑगस्ट २०१७ मध्ये, म्हणजे जीएसटी येऊन जेमतेम महिना झालेला असताना, आम्ही चट्टग्रामच्या एका पार्टीला चाळीस फुटी दोन कंटेनर पाठवले. दोन्ही मिळून साधारण ८८ लाखांचा माल, त्यावर ५ टक्क्यांनी ४ लाख ४० हजार आयजीएसटी भरला. हा पैसा कस्टम्सकडून परत मिळतो आणि त्यासाठी वेगळा अर्ज नसतो, शिपिंग बिल हाच अर्ज. दोन्ही कंटेनर मी एकाच शिपिंग बिलात घातले. एक कागद कमी, एवढाच विचार केला होता.

नागपूरजवळच्या डेपोत सगळं सुरळीत झालं. दुसऱ्या दिवशी एलईओ मिळाली, दोन्ही पेट्या एकाच रेकवर चढल्या. बंदरावर मात्र एक पेटी ठरलेल्या जहाजावर चढली आणि दुसरी राहिली. शट आऊट. ती आठवड्याने दुसऱ्या जहाजाने गेली. पार्टीला माल पोचला, पैसेही आले. परतावा मात्र येईना.

सप्टेंबर गेला, दिवाळी गेली. जीएसटीचे दोन्ही रिटर्न मी पुन्हा पुन्हा तपासले, इन्व्हॉइस नंबर ताडून पाहिले. आमच्या क्लिअरिंग एजंटचं एकच पालुपद होतं, "सिस्टिम नवीन आहे, येईल." शेवटी कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर आमच्या बिलासमोरचा कोड नीट वाचला: SB006. इन्व्हॉइस जुळत नसेल तर SB005 येतो, त्यामुळे आपली चूक तिथे नाही हे कळलं. SB006 चा अर्थ, गेटवे ईजीएम, म्हणजे बंदरावरून निघालेल्या मालाची यादी, सापडत नाही.

हा भाग नीट समजून घ्या. थेट बंदरातून माल गेला तर एकच ईजीएम असतो. जहाज सुटलं की शिपिंग लाइन त्यात काय चढलं त्याची यादी कस्टम्सला देते आणि निर्यात झाल्याचा पुरावा तयार होतो. आयसीडीत दोन पायऱ्या असतात. डेपोतून निघताना ट्रेन किंवा ट्रकची यादी दाखल होते, आणि ती एवढंच सांगते की पेटी डेपोतून निघाली. ती देशाबाहेर गेली हे बंदरावरचा गेटवे ईजीएम सांगतो. त्या गेटवे ईजीएममध्ये तुमच्या आयसीडीच्या शिपिंग बिलाचा उल्लेख असावा लागतो आणि बिलातली प्रत्येक पेटी त्यात सापडावी लागते. पहिल्या जहाजाच्या ईजीएममध्ये आमची एक पेटी होती. दुसऱ्या जहाजाच्या वेळी लाइनच्या एजंटने बंदराची स्वतःची बिलं घातली आणि आमचं आयसीडीचं बिल राहून गेलं. त्या एका पेटीपायी दोन्हींचा परतावा अडकला.

आणि गेटवे ईजीएम तुम्ही स्वतः भरू शकत नाही. तो लाइनच भरते. मी शिपिंग बिल, दोन्ही पेट्या कोणत्या जहाजाने गेल्या ते दाखवणारी बिल ऑफ लेडिंग आणि एलईओची प्रत घेऊन मुंबईला गेले. एजंटच्या ऑफिसात दोन दिवस बसले, तेव्हा दुरुस्तीचा अर्ज निघाला. मार्च २०१८ मध्ये सरकारने १५ ते ३१ तारखेपर्यंत परताव्यांचा खास पंधरवडा घेतला, त्यात आमचे पैसे मोकळे झाले. सात महिने ४ लाख ४० हजार अडकले होते आणि कॅश क्रेडिटचं व्याज आम्ही भरत होतो.

तेव्हापासून दादाचं एकच, "थेट न्हावा शेव्याला ट्रक लावले असते तर हे झालं नसतं." आजही जेवताना विषय निघतो. म्हणून इथे स्पष्ट लिहिते: दोष आयसीडीचा नव्हता. दोन पेट्या एका बिलात मी घातल्या आणि गेटवे ईजीएम झाला का हे आमच्यापैकी कुणीच पाहिलं नाही. माझा नियम आता एक कंटेनर, एक शिपिंग बिल. दोन बिलांचा खर्च किरकोळ आहे. एक पेटी मागे राहिली तरी दुसरीचे पैसे सुटतात. जहाज सुटल्यावर आठवड्याभरात आइसगेटवर स्थिती पाहायची आणि नोंद दिसली नाही तर त्याच दिवशी लाइनला मेल करायचा. महिन्याभराने त्यांच्याकडे कुणाला काही आठवत नसतं.

थेट बंदराचा हिशोबही दादा अर्धाच मांडतो. न्हावा शेवा इथून आठशेहून अधिक किलोमीटर. रिकामा कंटेनर तिथून आणून कारखान्यात भरायचा तर दोन्ही फेऱ्यांचं भाडं आपल्या माथी. नाहीतर माल साध्या ट्रकने पाठवून बंदराजवळच्या सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर भरायच्या गोदामात, भरायचा; मग सुताचे कार्टन दोनदा हाताळले जाणार, तेही पावसाळ्यात. शिवाय तपासणी निघाली आणि नमुन्यावरून प्रश्न आला तर तुमचा माणूस तिथे हॉटेलात राहणार. डेपोत असं झालं तर मी सकाळी घरून निघते, काम करते आणि संध्याकाळी परत येते. कस्टम्स गावाजवळ आल्याचा खरा फायदा हाच आहे.

दोन गोष्टी मात्र मान्य करायला हव्यात. थेट बंदरातून गेलो असतो तर पेटी शट आऊट झालीच असती कदाचित, पण गेटवे ईजीएमचा घोळ झाला नसता, एवढं दादाचं खरं. आणि रेल्वेचा रेक म्हणजे ४५ वॅगन, वीस फुटी ९० पेट्यांची जागा. तेवढा माल जमला नाही तर तुमची पेटी एलईओ घेऊन यार्डात पडून राहते आणि जहाजासाठी पेटी पोचवायची शेवटची वेळ, कट-ऑफ, निघून जाते. संत्र्यासारखा माल असेल तर मी तुम्हाला आयसीडी सुचवणार नाही. सुताला चार दिवस पडून राहिल्याने काही होत नाही.

तुम्ही एलयूटीवर, म्हणजे आयजीएसटी न भरता निर्यात करत असाल तर SB006 तुम्हाला एवढा जाचणार नाही. पण बुकिंग करताना लाइनला गेटवे बंदर कोणतं ते लेखी विचारा. आमच्या भागातून मुंद्र्यालाही रेक जातात. शिपिंग बिलात न्हावा शेव्याचा कोड INNSA1 आणि पेटी मुंद्र्याला, म्हणजे INMUN1 ला, असं झालं तर मी जे दोन दिवस मुंबईत बसले ते तुम्हाला कच्छमध्ये बसावं लागेल.