पीक तेच, तर रंगही तोच : डॅशबोर्डच्या रंगांविषयी प्रश्नोत्तरे

शेतमाल खरेदीचे डॅशबोर्ड हल्ली शेतकरी कंपन्यांपासून जिनिंगपर्यंत सगळीकडे दिसतात आणि रंगांच्या एकाच गोंधळाबद्दलची पत्रं पुन्हा पुन्हा येतात. त्यातली काही इथे घेतली आहेत.

प्रत्येक चार्टला वेगळे रंग दिले तर पान उठून दिसतं म्हणतात. खरं का? (अमळनेर)

नाही. एका पानावर कापसाचा रंग एकच हवा.

आमच्या खरेदीच्या पानावर जून महिना निवडला की केळीला कापसाचा निळा रंग लागतो. आकडे मात्र बरोबर असतात. मग बिघडलं काय? (रावेर)

बिघडलंय ते वाचणाऱ्याचं. वर्षभराच्या चार्टमध्ये निळा म्हणजे कापूस हे त्याच्या डोळ्यात बसलेलं असतं. जूनच्या चार्टमध्ये उंच निळी पट्टी दिसली की सूचीकडे न बघताच तो म्हणतो, "जूनमध्ये एवढा कापूस आला कुठून?" आकडे बरोबर असूनही निष्कर्ष चुकतो आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही, म्हणून मी यावर इतका अडून बसतो.

तुम्ही चार्ट काढायला Python मधलं Plotly Express वापरता असं पत्रात लिहिलं आहे. ते रंग पिकाच्या नावाला नाही, तर डेटात पीक कितव्या क्रमांकाने येतं त्याला लावतं. तुमच्या पूर्ण यादीत कापूस, केळी, मका, हरभरा असा क्रम आहे, त्यामुळे त्यांना निळा, लाल, हिरवा, जांभळा मिळतात. जूनमध्ये कापसाची खरेदी नसल्याने तो गळला, केळी पहिली झाली आणि निळी झाली. मका लाल, हरभरा हिरवा. एक पीक गळालं आणि तिघांचे रंग बदलले.

उपाय म्हणजे नाव आणि रंगाची एकच जोडयादी करून ती पानावरच्या प्रत्येक चार्टला द्यायची:

```python
RANG = {"कापूस": "#0072B2", "केळी": "#E69F00",
        "मका": "#009E73", "हरभरा": "#CC79A7",
        "इतर": "#999999"}

px.bar(df, x="तालुका", y="क्विंटल", color="पीक",
       color_discrete_map=RANG)
```

आता फिल्टर काहीही लावा, केळी नारिंगीच राहील. मात्र यादीतलं नाव डेटातल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. एका केंद्रावरून "कापूस" आणि दुसऱ्यावरून "कापुस" आलं, किंवा शब्दापुढे एक रिकामी जागा राहिली, तर तो वेगळा प्रकार धरला जातो आणि त्याला ठरलेल्या यादीबाहेरचा रंग लागतो. म्हणून डेटा भरला की हे तपासा:

```python
set(df["पीक"]) - set(RANG)
```

उत्तर `set()` आलं तर ठीक. एखादं नाव दिसलं तर आधी ते दुरुस्त करा. खरोखर नवं पीक असेल तर यादीत घाला. मूळ नावं परस्पर बदलू नका, नोंदी ठेवणाऱ्याला विचारूनच बदला, कारण तीच नावं हिशेबातही असतात.

एकजण पैसे घेऊन 'प्रीमियम थीम' देतोय. ती घेतली की रंग कायम राहतील, असं म्हणतो. घेऊ का? (धुळे)

नका घेऊ. थीम म्हणजे रंगांची क्रमवार यादी. कुठल्या पिकाला कुठला रंग हे तिला ठाऊक नसतं, त्यामुळे वर सांगितलेली घसरण तशीच राहते, फक्त देखण्या रंगांत. त्याला तुमच्याच डेटावर एक पीक काढून चार्ट दाखवायला सांगा आणि तो दाखवताना तुमचा डेटा सांभाळणारा माणूस शेजारी बसवा.

आमची पिकं चौदा आहेत. एवढे रंग आणायचे कुठून? (शहादा)

आणू नका. सात-आठांच्या पुढे रंग डोळ्याला सहज वेगळे ओळखता येत नाहीत. ओकाबे आणि इतो या जपानी संशोधकांची, रंगांधांनाही ओळखता येईल अशी यादीसुद्धा काळा धरून आठच रंगांची आहे; वरचे चार रंग तिच्यातलेच. ज्या पिकांवर निर्णय होतात त्यांना रंग द्या, बाकीची करड्या 'इतर'मध्ये टाका. पण 'इतर'मध्ये कोण हे पूर्ण पानासाठी एकदाच ठरवा. प्रत्येक चार्टने स्वतःची पहिली पाच पिकं निवडली, तर तूर एका चार्टमध्ये वेगळी दिसेल आणि दुसऱ्यात करड्यात बुडेल. कुठली पिकं वर ठेवायची हे खरेदी बघणाऱ्यांनाच विचारा.

भाव वाढला तर हिरवा, पडला तर लाल करू का? मका आधीच हिरवा आहे. (चोपडा)

करू नका. हिरवा मक्याचा झाला, आता त्याला दुसरा अर्थ नको. वाढ-घट बाणाने आणि आकड्यापुढच्या अधिक-उणे चिन्हाने दाखवा. लाल-हिरवा फरक न दिसणारी माणसं तुमच्या कार्यालयातही असू शकतात. पान त्यांनाही दाखवून खात्री करा.

आधी चार्ट उभे करू, रंग शेवटी बघू. चालेल ना? (भुसावळ)

चालणार नाही. लोक पान वापरू लागले की त्यांच्या डोळ्यात रंग बसतात, मग दुरुस्ती करायची म्हणजे बसलेली ओळख मोडायची. जोडयादी पहिल्या चार्टआधी लिहा आणि पान बनवणाऱ्याकडून तपासून घ्या. पान आधीच वापरात असेल तर रंग एकाच दिवशी सगळ्या चार्टमध्ये बदला, आणि कापूस-केळीचे नवे रंग महिनाभर पानाच्या डोक्यावर लिहून ठेवा.