कंत्राटी कामाला नोकरीच्या अटी: क्लायंटला काय लिहावं

«मी फ्रीलान्स अनुवादक आहे. एका कंपनीशी महिना ४०,००० ठरलेत. आता एचआरने अटी पाठवल्यात: दहा ते सात ऑनलाइन राहायचं, सुट्टी मंजूर करून घ्यायची, दुसरीकडे काम घ्यायचं नाही. पीएफ मात्र नाही. मेल कसा लिहू?»

यात बहुतेक वेळा डाव नसतो. एचआरकडे नेमणूकपत्राचा एकच साचा असतो. त्यात ‘पगार’ खोडून ‘मानधन’ लिहितात आणि धाडून देतात. म्हणून भांडणाच्या सुरात लिहू नका. मी साधारण असं लिहीन:

‘नमस्कार मॅडम, अटी वाचल्या. वेळ, रजा आणि दुसरीकडे काम न करण्याच्या अटी नोकरीच्या आहेत. आपलं ठरलंय ते कामापुरतं. तुम्ही मजकूर आणि मुदत द्यायची, मी ती पाळायची. काम कधी आणि कुठे बसून करायचं हे माझ्याकडे. चर्चेसाठी दुपारी तीन ते पाच फोनवर नक्की मिळेन. तुमची माहिती गुप्त राहील, पण इतर क्लायंटची कामं चालू राहतील. दरमहा बिल पाठवीन. त्यावर व्यावसायिक शुल्काचा १० टक्के टीडीएस कापावा, म्हणजे ४०,००० पैकी ३६,००० जमा होतील.’

‘कन्सल्टंट’ असं नाव दिलं की झालं, असं कंपन्यांना वाटतं. पण वाद झाला तर कामावर प्रत्यक्ष ताबा कुणाचा होता हेही पाहिलं जातं. हजेरी आणि रजामंजुरी ठेवली, तर उद्या पीएफचा प्रश्न त्यांच्याच गळ्यात पडू शकतो. तरी हे मेलमध्ये घालू नका, धमकी वाटते. फोनवर सहज बोलून टाका.

मेलमध्ये आणखी एक परिच्छेद हवाच, तो कॉपीराइटचा. नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या अनुवादाचा पहिला मालक, वेगळं ठरलं नसेल तर, कंपनी असते. तुमच्या अनुवादाच्या पहिल्या मालक तुम्ही. १९५७च्या कायद्याप्रमाणे हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे हे नीट लिहून घेण्यात कंपनीचाच फायदा जास्त, आणि तेच सांगून तुमचं वाक्य पुढे करा: ‘त्या त्या कामाचं बिल पूर्ण चुकतं झाल्यावर त्याचे हक्क कायमचे आणि जगभरासाठी कंपनीकडे जातील.’

मी एकदा ‘काम सोपवताच हक्क कंपनीकडे जातील’ या शब्दांवर सही केली होती. क्लायंटने दोन बिलं थकवली आणि माहितीपुस्तिका छापून वाटलीसुद्धा. छपाई अडवायला माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं.

एचआरच्या मॅडम अडून बसल्याच, तर दहा ते सात मान्य करा, पण मग पगार, पीएफ आणि भरपगारी रजेसकट नेमणूकपत्र मागा.