हप्ता भरत असूनही ‘थकबाकी’चे निरोप

प्रश्न : मी इंदूरला राहतो. एका वित्त कंपनीकडून घेतलेल्या वैयक्तिक कर्जाचा ९,२०० रुपयांचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला खात्यातून आपोआप कापला जातो. वडिलांच्या आजारपणामुळे जूनमध्ये खात्यात पैसे नव्हते आणि तो हप्ता राहिला. जुलै आणि ऑगस्टचे हप्ते वेळेवर गेले. तरीही पूर्वी ‘कृपया खात्यात पुरेशी रक्कम ठेवा’ असे सांगणारे निरोप आता ‘आपले खाते एनपीए झाले आहे, गुन्हा दाखल होईल’ असे सांगू लागले आहेत. परवा रात्री साडेनऊला माझ्या बहिणीलाही फोन आला. जूनचा हप्ता मी शेवटी भरला तर चालेल ना? हे निरोप कायदेशीर आहेत का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

जूनचा हप्ता शेवटी भरण्याचा विचार आपण सोडून द्यावा, कारण आपल्या अडचणीचे मूळ त्यातच आहे. जुलैत कापलेली रक्कम जुलैच्या हप्त्यापोटी गेली असे आपण धरले आहे. कर्जाच्या हिशेबात मात्र आलेली रक्कम सहसा सर्वांत जुन्या थकबाकीकडे जाते, आणि करारात तसे कलम असेल तर त्याआधी शुल्काकडे.

उदाहरणादाखल जूनचा हप्ता न वटल्याचे शुल्क करासह ५९० रुपये आणि दंडात्मक शुल्क २०० रुपये, असे मिळून ७९० रुपये लागले असे समजू. आपल्या खात्याच्या उताऱ्यातले आकडे वेगळे असतील, पण रीत हीच राहील. ५ जुलैला आलेल्या ९,२०० रुपयांतून आधी ७९० रुपये वळते झाले, तर जूनच्या हप्त्यापोटी ८,४१० रुपयेच उरले. म्हणजे जूनचे ७९० रुपये अपुरे राहिले आणि जुलैचा हप्ता संपूर्ण थकला. थकबाकीचे दिवस सर्वांत जुन्या अपुऱ्या रकमेपासून मोजतात, ती रक्कम कितीही लहान असो. त्यामुळे आपण दरमहा पैसे देत असतानाही जूनपासूनचे दिवस ५ ऑगस्टपर्यंत चालूच राहिले. ५ ऑगस्टच्या रकमेतून जून मिटला, पण जुलैचे ७९० रुपये आणि ऑगस्टचा संपूर्ण हप्ता उरला. एकूण देणे ९,९९० रुपये. पतअहवालात दिसणारे थकीत दिवस याच मोजणीतून येतात, म्हणून मला त्याची चिंता निरोपांच्या भाषेपेक्षा अधिक वाटते.

आता ‘एनपीए’, म्हणजे अनुत्पादक कर्ज, या शब्दाकडे येऊ. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे देय तारखेला दिवसअखेरचा हिशेब होईपर्यंत रक्कम आली नाही, तर त्याच दिवशी खाते थकीत ठरते. तीस दिवस पूर्ण झाले की ते एसएमए-१ या विशेष लक्ष ठेवायच्या वर्गात, साठ दिवसांनी एसएमए-२ मध्ये आणि नव्वद दिवसांनी एनपीए या वर्गात जाते. ५ जूनपासून मोजल्यास या तारखा ५ जुलै, ४ ऑगस्ट आणि ३ सप्टेंबर येतात. जूनची रक्कम ५ ऑगस्टला संपूर्ण फिटली असल्यामुळे आपल्या खात्याचे नव्वद दिवस कोणत्याही हिशेबाने भरलेले नाहीत, आणि ते एनपीए झाल्याचे विधान चुकीचे आहे. परंतु जुलैची उरलेली रक्कम ३ सप्टेंबरपर्यंत भरली नाही, तर खाते पुन्हा एसएमए-२ मध्ये जाईल. म्हणून ती तारीख आपण महत्त्वाची मानावी.

हप्त्याच्या आधी येणारी सौम्य आठवण ही बहुतांशी सोय असते. ती आली नाही, एवढ्या कारणावरून हप्ता चुकल्याची जबाबदारी टळत नाही, कारण देय तारखा आपल्याला दिलेल्या परतफेडीच्या वेळापत्रकात असतात. देय दिवशीच्या निरोपाविषयी एक व्यावहारिक खबरदारी आहे : तो सकाळी वाचेपर्यंत वसुलीची मागणी आपल्या बँकेकडे गेलेली असू शकते. त्यामुळे पैसे आदल्या संध्याकाळीच खात्यात असावेत, आणि निरोपातल्या दुव्यावरून घाईने पैसे भरू नयेत. तसे केल्याने हप्ता दोनदा गेल्याची प्रकरणे मी हाताळली आहेत, आणि जादा गेलेली रक्कम परत मिळवायला आठवडे लागतात.

चुकलेल्या हप्त्यानंतरच्या निरोपावर मात्र नियमाचे बंधन आहे. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने दंडव्याजाची पद्धत बंद करून दंडात्मक शुल्क ही रीत आणली. या शुल्काचे भांडवलीकरण करता येत नाही, म्हणजे त्यावर पुढे व्याज आकारता येत नाही. शिवाय कराराच्या महत्त्वाच्या अटी मोडल्याबद्दल जेव्हा जेव्हा आठवण पाठवली जाईल, तेव्हा लागू होणारे दंडात्मक शुल्क तिच्यात कळवावे लागते, आणि शुल्क लावल्यावर ते का लावले हेही सांगावे लागते. आपल्या निरोपांत धमकी असेल आणि शुल्काचा आकडा नसेल, तर तक्रारीचा पहिला मुद्दा तोच करावा.

‘गुन्हा दाखल होईल’ हे वाक्य निराधार म्हणून मी झटकून टाकणार नाही. आपोआप वसुलीचा आदेश खात्यात पुरेशी रक्कम नसल्यामुळे नाकारला गेला, तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. मात्र त्यासाठी रक्कम नाकारल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत कंपनीने आपल्याला रकमेची मागणी करणारी लेखी नोटीस द्यायला हवी, आणि ती मिळाल्यावर १५ दिवसांत आपण रक्कम न भरल्यासच गुन्हा पुरा होतो. जूनच्या नकाराची माहिती सामान्यतः एक-दोन दिवसांत कंपनीला पोहोचली असणार. जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत अशी नोटीस आपल्याला पाठवली गेली नसेल, तर ऑगस्टमधला हा इशारा कायद्याच्या पायावर उभा नाही. तरी टपाल, ईमेल आणि व्हॉट्सॲप तिन्ही ठिकाणी नीट पाहावे. नेमकी रक्कम, नकाराची तारीख आणि कलम यांचा उल्लेख असलेला मजकूर, तो कितीही शांत भाषेत असला, तरी मला लगेच दाखवावा. नुसत्या दरडावणीपेक्षा तसा कागद अधिक गंभीर असतो.

बहिणीला आलेला फोन हा मात्र स्पष्ट नियमभंग आहे. रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, आणि कर्जदाराच्या कुटुंबीयांच्या खासगीपणात ढवळाढवळ करण्यालाही मनाई आहे. फोन वसुली करणाऱ्या एजंटाने केला असला तरी जबाबदारी कंपनीचीच राहते. कॉलची नोंद, क्रमांक आणि वेळ दिसेल असे चित्र बहिणीकडून आजच घेऊन ठेवावे.

आता क्रमाविषयी. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करून खात्याचा संपूर्ण उतारा, प्रत्येक शुल्काचे कारण आणि आलेली रक्कम कशी वळती केली याचा तपशील मागावा. उतारा येण्याची वाट पाहत पैसे थांबवू नयेत. आपल्या हिशेबाने थकलेली रक्कम, वरच्या उदाहरणातले आकडे खरे ठरल्यास ९,९९० रुपये, ३ सप्टेंबरपूर्वी कंपनीच्या अधिकृत ॲपवरून किंवा शाखेत भरावी, पावती घ्यावी आणि ‘शुल्काविषयीचा हक्क राखून ही रक्कम भरत आहे’ एवढे एक वाक्य त्या ईमेलमध्ये लिहावे. ५ सप्टेंबरचा हप्ता त्याव्यतिरिक्त खात्यात तयार ठेवावा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर विनाशुल्क तक्रार करता येते. तिला उतारा, निरोपांची चित्रे आणि बहिणीच्या फोनमधली नोंद जोडावी.