खरखरीत गाल आणि खाऱ्या पाण्याची बादली

"माझं वय ३१. चेहरा निस्तेज दिसतो, गालावरून हात फिरवला की खरखरीत लागतो. कपाळ-नाकाचा रंग एक, गळ्याचा दुसरा. बेसन, लिंबू, खायचा सोडा, घासणी, सगळं करून झालं. वावरातलं काम काही सुटत नाही. एवढ्यातच कातडी म्हातारी झाली का? आता नेमकं काय लावू?"

लावायचं मागाहून पाहू. आधी दर्यापूरकडच्या एका ताईंबद्दल सांगते. वय ३४, रोजमजुरी. दोन वर्षांमागं दिवाळीनंतर, कापूस वेचणीच्या दिवसांत त्या आमच्या ग्रामीण रुग्णालयात आल्या आणि बसायच्या आधीच त्यांनी माझ्या टेबलावर पन्नी उलटी केली. कपड्याची बट्टी, पाय घासायचा दगड, खायच्या सोड्याची पुडी, गोरेपणाच्या दोन क्रीम आणि अर्धी संपलेली एक ट्यूब. म्हणाल्या, "मॅडम, माह्या सासूचं आंग साठीतही मऊ हाय. अन् माहं असं काहून?"

मी त्यांना ब्लाउजची बाही वर सरकवायला सांगितली. बाहीखालचा दंड मऊ, एकसारख्या रंगाचा. ही त्यांची खरी कातडी, चौतीस वर्षं वयाची. म्हणजे वयाचा प्रश्न तिथंच मिटला. मग हाताची बाहेरची बाजू पाहिली: काळवंडलेली, ठिपके असलेली. आतली बाजू उजळ, पण कोरडी. शेवटी नडगी. तिथं मासोळीच्या खवल्यांसारखे बारीक पापुद्रे होते. नखानं हलकी रेघ ओढली तर खडूनं ओढावी तशी पांढरी उमटली. नडगी लुगड्याखाली झाकलेली असते, तिला ऊन लागत नाही. म्हणजे नडगीचं दुखणं साबण-पाण्याचं, हाताच्या बाहेरच्या बाजूचं मुख्यतः उन्हाचं, आणि चेहऱ्यावर ही दोन्ही, वर घासणीची भर. ही चार ठिकाणं तुम्ही घरी, सकाळच्या उजेडात स्वतःच पाहू शकता. क्रीम विकत घ्यायच्या आधी एवढं करा.

त्याच वेळी अंगावरचे फिकट, कोरडे चट्टे मी कापसाच्या टोकानं स्पर्श करून पाहते. डोळे मिटून बाईला स्पर्श कळला तर ठीक. चट्टा बधीर असला तर ते कोरडेपण नव्हे, कुष्ठरोगाची तपासणी लागते. ती आणि त्यावरचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे, आणि वेळेवर घेतलं तर रोग पूर्ण बरा होतो. आपल्या भागात ही शंका फेडल्याशिवाय मी पुढं जात नाही. ताईंना सगळीकडे स्पर्श कळत होता.

आता खरखर येते कुठून. कातडीचा सगळ्यांत वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. रोज त्यातल्या काही आपोआप गळतात आणि खालून नव्या वर येतात. तरुणपणी हा फेरा साधारण चार आठवड्यांचा, वय वाढलं की लांबतो. पण पेशींना एकमेकींपासून सोडवणारे पाचक पदार्थ कातडीत ओल असेल तरच काम करतात. ओल गेली की पेशी सुट्या होऊन गळण्याऐवजी गठ्ठ्यानं चिकटून राहतात. पृष्ठभाग उंचसखल होतो, उजेड एका दिशेनं परत न येता विखुरतो. निस्तेज म्हणतात ते एवढंच. तो मळ नसतो. आपण मळ समजून घासतो, घासल्यानं ओल धरणारा थर आणखी उडतो, आणि दुसऱ्या दिवशी खरखर वाढलेली असते.

घासण्याचा दुसरा तोटा असा की सावळ्या, गव्हाळ कातडीला ओरखडा, जळजळ झाली की बरी होताना ती तिथं काळा डाग सोडते. ताई एक दिवसाआड लिंबू चोळून वावरात जात होत्या. लिंबाच्या रसावर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होऊ शकते आणि मागं गडद पट्टे राहतात. सोडा त्याच्या उलट टोकाचा, क्षारयुक्त. कातडी स्वतः किंचित आंबट असते. तिला यातलं काहीच मानवत नाही.

पाण्याचा मुद्दा मी मुद्दाम लांबवते, कारण तो कुणी विचारतच नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या या पट्ट्यात विहीर-बोअरचं पाणी खारट निघतं, ते बादलीला पांढरा थर चढवतं. ताईंना मी एक प्रयोग सांगितला. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत बोअरचं, दुसरीत नळयोजनेचं पाणी, अर्धी अर्धी. दोन्हींत अंगाच्या साबणाचा हरभऱ्याएवढा चुरा टाका आणि वीसदा हलवा. कपड्याची पावडर घेऊ नका, ती अशा जड, क्षारांच्या पाण्यातही फेसाळते. दुसऱ्या खेपेला त्या सांगत आल्या, "नयाच्या पान्यात फेस आला, बोअरच्या पान्यात दूध नासल्यावानी झालं."

ते नासल्यासारखं दिसतं तोच अंगावर बसणारा थर. जड पाण्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून चिकट साय करतात. फेस येत नाही म्हणून बाई आणखी साबण लावते, आणखी घासते, आणि साय धुऊन निघतच नाही. त्यात ताई अंगालाही कपड्याची बट्टीच लावत होत्या. आणि सासूबाई? त्या साबण फक्त रविवारी लावतात, एरवी नुसतं पाणी आणि वरून खोबऱ्याचं तेल. गुडघे गेल्यापासून वावरात जात नाहीत. मऊ अंगाचं कोडं असं सुटलं. ताई हसल्या, पण फारशा आवडीनं नाही.

ट्यूबवर मात्र मी हसू शकले नाही. नावं वाचली: मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन. पहिलं स्टिरॉइड. अशी क्रीम चार दिवसांत चेहरा उजळ करते म्हणून लग्नसराईत एकीकडून दुसरीकडे फिरते. महिना-दोन महिने लावली की कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, पुटकुळ्या येतात आणि बंद केली की चेहरा पेटल्यासारखा होतो. ताईंनी ती तीन आठवडे लावून आग होते म्हणून सोडली होती, त्यामुळे थोडक्यात निभावलं. तुमच्याकडे अशी ट्यूब असेल आणि ती बरेच दिवस चालू असेल, तर एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवा. कशी सोडायची ते तेच ठरवतील.

मग आम्ही ठरवलं ते असं. घासणी, सोडा, लिंबू, कपड्याची बट्टी बंद. साबण फक्त काखा, जांघा आणि पायांना. चेहऱ्याला संध्याकाळी एकदाच, तोही अंगाचा सौम्य साबण. (खर्च झेपत असेल तर औषधाच्या दुकानातली सिंडेट, म्हणजे बिनसाबणाची बट्टी घ्यावी, ती जड पाण्यातही साय करत नाही.) पाणी कोमट, कढत नाही. शेवटचे दोन तांबे नळाच्या पाण्याचे. मग आंग टॉवेलनं नुसतं टिपायचं आणि अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, नडगी-हातांना व्हॅसलीनसारखी साधी जेली, चेहऱ्याला साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर. जेली ओल तयार करत नाही, असलेली कोंडून ठेवते, म्हणून कोरड्या अंगावर तिचा उपयोग बराच कमी.

इथं माझी चूक झाली. स्वस्तात पडावं म्हणून मी चेहऱ्याला ग्लिसरीन सांगितलं, एक चमचा ग्लिसरीनला तीन चमचे पाणी. वेळ सांगायची राहिली. ताई ते सकाळी लावून वेचणीला गेल्या आणि कापसाचा बारीक तंतू अन् धूळ सगळी गालाला चिकटली. आता मी ते फक्त रात्री सांगते.

उन्हाचं गणित पैशाचं आहे. सनस्क्रीन एसपीएफ ३० चं, चेहरा-मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं, घामात दर दोन तासांनी पुन्हा. वेचणीवाल्या बाईला हे झेपत नाही आणि घामासोबत डोळ्यांतही जातं. म्हणून आधी कापड. ताई दुपट्टा बांधत होत्याच, पण कपाळ, नाक आणि गालांचा वरचा भाग उघडा राहत होता. तुम्ही लिहिलेला रंगाचा फरक तिथलाच असावा. मी गडद, घट्ट विणीचा सुती दुपट्टा कपाळाच्या पुढं छज्जासारखा काढून बांधायला सांगितला आणि सनस्क्रीन उरलेल्या उघड्या पट्टीपुरतंच. ट्यूब मग बरीच पुरते.

ताईंचं रक्तही तपासलं. हिमोग्लोबिन ९.४ निघालं, गरोदर नसलेल्या बाईला किमान १२ हवं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, चहासोबत न घेण्याच्या अटीवर. पांढुरका फिकेपणा क्रीमनं जात नाही. शिवाय थकवा, वजन वाढणं, थंडी सहन न होणं असं कोरडेपणासोबत असेल तर थायरॉइडही तपासून घ्या.

दहा दिवसांत नडगीवरची पांढरी रेघ उमटेनाशी झाली. पाचव्या आठवड्यात गालाची खरखर गेली, हे त्यांनी बोटांच्या पाठीनं तपासलं, आरशात नव्हे. रंगाचा फरक मात्र होळीपर्यंत निम्माच कमी झाला, आणि गालाच्या हाडावरचे दोन वांगाचे डाग जवळपास तसेच होते. ते महिन्यांचं काम, त्वचारोगतज्ज्ञाकडचं. आणि पुन्हा उघड्या तोंडानं उन्हात गेलं तर ते परतही येतात. जुन्या पुटकुळ्यांचे खड्डे यातल्या कशानंच भरत नाहीत.

शेवटच्या खेपेला ताईंसोबत चौदा वर्षांची लेक होती, मानेला दगडानं घासून लाल करून घेतलेली. "माय म्हणे मळ हाय." मान मागून काळी, मखमलीसारखी जाड होती. हा मळ नव्हताच. अशी मान बऱ्याचदा वजन आणि साखरेशी निगडित असते. मी पोरीला वजनकाट्यावर उभं केलं, रक्ताची चिठ्ठी लिहिली, आणि दगड माझ्या टेबलावरच ठेवून घेतला.