तीनशे सोळा रुपयांनी अडवलेलं खरेदीखत

प्रश्न : २०२२ मध्ये एका फायनान्स कंपनीकडून १६ टक्क्यांनी पर्सनल लोन घेतलं. तेव्हा त्यांनी सह्या केलेले सहा कोरे चेक आणि प्लॉटचं मूळ खरेदीखत ठेवून घेतलं. यंदा मार्चमध्ये २,४०,००० रुपये मुद्दल बाकी असताना मुदतीआधीच सगळं भरून कर्ज फोरक्लोज केलं. त्यांच्या पत्रात ७ मार्चपर्यंतची रक्कम होती, मी १० तारखेला एनईएफटी केलं. आता ऑगस्ट उजाडला. एनओसी नाही, कागद नाहीत, उलट २,३१६ रुपये बाकी सांगतात. दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम आहे ना? ती कशी मागू?

उत्तर : भरपाईचं नंतर बघू. आधी तुमचं ते पत्र पुन्हा वाचा. अशी पत्रं आठवड्याला दोन तरी माझ्यापुढे येतात आणि ‘अमुक तारखेपर्यंत वैध’ ही ओळ क्वचितच कोणी वाचलेली असते. २,४०,००० वर १६ टक्क्यांनी रोजचं व्याज साधारण १०५ रुपये २० पैसे. तीन दिवस उशीर म्हणजे ३१६ रुपये कमी. तेवढ्यावरून सिस्टमने तुमचं कर्ज बंद केलं नाही. रक्कम खात्यात नुसती जमा पडून राहिली, एप्रिलपासून दर पाच तारखेला ईएमआय लागत राहिला, आणि तुम्ही बँक खातं रिकामं ठेवल्याने चार वेळा बाउन्स झाला. तुमचे २,३१६ म्हणजे ३१६ अधिक पाचशेप्रमाणे चार बाउन्स चार्ज असावेत. आकडा बरोब्बर जुळतो, तरी स्टेटमेंट ऑफ अकाउंट मागवून पडताळा.

आता भरपाई. रिझर्व्ह बँकेचा १३ सप्टेंबर २०२३ चा आदेश सांगतो की कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मालमत्तेची मूळ कागदपत्रं परत करायची आणि नोंदवलेला बोजाही काढायचा. सावकार संस्थेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये. कर्ज २०२२ चं असलं तरी चालतं, कारण १ डिसेंबर २०२३ पासून कागद परत करण्याची वेळ येणाऱ्या सगळ्या प्रकरणांना हा आदेश लागू आहे. पण ‘पूर्ण फिटल्यापासून’ हे शब्द बघा. कंपनी म्हणेल, पूर्ण फिटलंच नाही, मग ३० दिवस मोजायचे कुठून? अडीच लाखांच्या घरातली रक्कम हाती असताना ईएमआय लावत राहणं योग्य होतं का, कमी पडलेले ३१६ लगेच कळवायला नको होते का, हे मुद्दे आपल्या बाजूचे आहेत. ते टिकतीलच असं मी लिहून देणार नाही.

म्हणून आजच नवं फोरक्लोजर स्टेटमेंट मागा आणि त्यातली रक्कम वैधतेच्या तारखेआधी, त्याच लोन खात्यात, हरकत नोंदवून भरा. ‘बाउन्स चार्ज मान्य नाहीत, कर्ज बंद व्हावं म्हणून भरतो आहे’ एवढं वाक्य ईमेलमध्ये असू द्या, सोबत पैसे पाठवल्याचा यूटीआर नंबर. दोन हजारांसाठी खरेदीखत अडकवून भांडत बसू नका. ते दोन हजार नंतरही मागता येतात. खातं शून्य झालं की ३० दिवसांचं घड्याळ कोणत्याही वादाशिवाय सुरू होतं.

त्याच ईमेलमध्ये क्लोजर लेटर मागा. त्यात लोन नंबर, बंद झाल्याची तारीख आणि येणं काही नाही हे स्पष्ट हवं. ‘सेटल्ड’ शब्द दिसला तर पत्र परत पाठवा. तुम्ही तडजोड केलेली नाही, पूर्ण फेड केली आहे, आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये त्या दोन शब्दांत फार अंतर असतं.

कोऱ्या चेकना मात्र ५,००० चा नियम धरून चालू नका. तो मालमत्तेच्या कागदांसाठी आहे. चेकचे नंबर लिहून ते परत मागा, नष्ट केले म्हणत असतील तर नंबरांसकट लेखी घ्या, आणि कर्ज बंद होताच तुमच्या बँकेत त्या चेकचं स्टॉप पेमेंट करण्याचा आणि खात्यातून ईएमआय आपोआप कापायला दिलेलं नॅच मँडेट रद्द करण्याचा अर्ज द्या. कोणी चेक वटवायला टाकलाच, तर चेक न वटल्याबद्दलच्या कलम १३८ च्या खटल्यात ‘देणं उरलंच नव्हतं’ हे सांगायला हे क्लोजर लेटरच तुमच्या हातात असेल. सही करून कोरे चेक देण्याबद्दल आता बोलून काय उपयोग!

खरेदीखत हरवल्याचं सांगितलं, तर प्रमाणित प्रत मिळवून देण्याची जबाबदारी आणि खर्च त्यांचा. त्यासाठी त्यांना आणखी ३० दिवस मिळतात, त्यापुढे भरपाई सुरू.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार करा आणि पोच ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. वकील लागत नाही, फी नाही. ग्राहक आयोगाचा रस्ता आहे, पण तिथल्या तारखा मी रोज बघतो, म्हणून आधी लोकपाल. तक्रारीला दोन्ही फोरक्लोजर स्टेटमेंट, दोन्ही यूटीआर आणि तो हरकतीचा ईमेल जोडा. फोनवर कोण काय बोललं, ते लिहू नका.