पिल्लू नको, तीन वर्षांचं मांजर बघा

टोरांटोहून एका बडोदेकर ताईंनी विचारलंय. दोघंही नोकरीला, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा घराला कुलूप. मुलगा पाच वर्षांचा. त्याला मांजराचं पिल्लूच हवंय, तर आणावं का? पुढे रावपुऱ्यातून आजीही सहा महिन्यांसाठी यायच्या आहेत.

ताई, माझं ऐकाल तर पिल्लू आणू नका. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चारदा खायला लागतं, पण खरी अडचण वेगळीच. पिल्लं एकमेकांना चावत खेळतात. जोरात चावलं की दुसरं ओरडतं, खेळ मोडतो, आणि किती जोर लावायचा ते कळतं. एकट्या पिल्लाला हे शिकवणारं कोणी नसतं. दहा तास एकटं काढलेलं पिल्लू संध्याकाळी मुलाच्या पायांवरच झेपावणार.

आमच्या दांडिया बाजारातल्या घरी हे भोगून झालंय. झोपाळ्यावर बसून भाचा बोटं नाचवायचा, पिल्लू लटकायचं, सगळे हसायचे. सहा महिन्यांनी तीच बोटं रक्ताळली. वर पिल्लाने आईच्या गजऱ्याचा दोरा गिळला. शेपटीखाली टोक दिसलं, मी ओढणारच होते, तेवढ्यात डॉक्टरांनी फोनवर थांबवलं. दोरा आत अडकलेला असेल तर ओढल्याने आतडं चिरतं. आजी येतील तेव्हा त्यांचा वातींचा डबा झाकणाचाच असू द्या.

दोन-तीन वर्षांच्या मांजराचा स्वभाव बराचसा ठरलेला असतो, तो बघून निवडता येतो. फक्त प्राण्यांच्या निवाऱ्यात पिंजऱ्यातलं मांजर बघून निवाडा करू नका. तिथे घाबरून कोपऱ्यात बसलेलं मांजर घरी आल्यावर मांडीवर चढू शकतं, आणि अजिबात न हलणारं मांजर शांत असेलच असं नाही, भीतीनेही थिजलेलं असतं. कोणाच्या तरी घरी तात्पुरतं ठेवलेलं मिळालं तर उत्तम.

तिथे जाऊन जमिनीवर बसा. एक बोट त्याच्या नाकाच्या उंचीवर, थोडं लांब धरा. आपणहून येऊन गाल घासला तर दोन-तीनदा गोंजारा आणि हात काढा. पुन्हा डोकं पुढे केलं तर त्याला माणसं आवडतात. शेपटी आपटली, पाठीची कातडी थरथरली, कान आडवे झाले, तर त्याला पुरे झालंय. मग किल्ल्या फरशीवर पाडा. दचकेल, दचकू दे. मिनिटाभरात वास घ्यायला परत आलं तर तुमच्या घरचा कुकर आणि मुलाचा आरडाओरडा त्याला झेपेल. पलंगाखालून निघालंच नाही, तर ते मांजर वाईट नाही, पण तुमच्या घरासाठी नाही.

मुलाला बरोबर न्या. मात्र मांजर उचलायला धावू देऊ नका, बोट तेवढं त्याला धरू द्या.